डोंगरउतारावरील शेतातून दरवर्षी किती माती जाते?



लष्करच्या दाल बाजारात धान्य नेताना आपण प्रत्येक पोते काट्यावर ठेवतो व किलोकिलोचा हिशेब मागतो. परंतु ज्या मातीतून ते धान्य आले, ती पावसाळ्यात किती वाहून गेली, याचे वजन कोणी करीत नाही. हे वजन कागदावर काढण्याची एक रीत आहे. अमेरिकेतील विशमायर व स्मिथ या दोन संशोधकांनी ४९ ठिकाणच्या शेततुकड्यांवरील मोजमापे एकत्र करून ती बसविली. तिचे पुस्तक १९६५ साली निघाले व १९७८ साली सुधारून पुन्हा निघाले. तिला सार्वत्रिक मृदा-हानी समीकरण म्हणतात. नाव भारदस्त असले तरी आत केवळ पाच आकड्यांचा गुणाकार आहे:

```
A = R × K × LS × C × P
```

डावीकडे वर्षाला हेक्टरी किती टन माती गेली ते येते. उजवीकडे क्रमाने पावसाचा, मातीचा, उताराचा, पिकाचा आणि उपायाचा आकडा. आपण ग्वाल्हेरजवळच्या टेकडीवरील एक शेत मनात धरून हा हिशेब करू. उतार १० टक्के, वरपासून खालपर्यंत लांबी ८८ मीटर, पीक बाजरी, नांगर व पेरणी उताराच्या दिशेने उभी, बांध एकही नाही.

पावसाचा आकडा काढण्यासाठी डेहराडूनचे राम बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली आपल्या देशासाठी सोपे सूत्र दिले. वार्षिक सरासरी पाऊस मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला ०.३६३ ने गुणा व ७९ मिळवा. आपल्याकडे सरासरी ९०० मिलिमीटर धरल्यास ४०६ येतात. येथे सरासरी म्हणजे अनेक वर्षांची, गेल्या वर्षाची नव्हे.

मातीचा आकडा सांगतो की ही माती किती सहज सुटते. आपल्याला जवळचे केंद्र आग्र्याचे. तेथील वाळूमिश्रित गाळाच्या मातीसाठी ०.०७ हा आकडा काढलेला आहे, तोच आपण घेऊ. टेकडीची माती त्याहून निराळी असू शकते. बोटांत चोळल्यावर पिठासारखी मऊ लागणारी माती लवकर वाहते. डेहराडूनकडील तशा मातीचा आकडा ०.१५, म्हणजे दुपटीहून अधिक आहे. येथे एक सावधगिरी हवी. नव्या पुस्तकांत पावसाचा आकडा दुसऱ्या मापात देतात व तो जवळजवळ दसपट मोठा असतो. त्यांचा मातीचा आकडा तितकाच लहान असतो. एक जुन्या पुस्तकातून व दुसरा नव्यातून घेतला, तर उत्तर दहापट चुकेल. हेक्टरी चारशे टन असे काही आले की समजावे, मापे मिसळली.

आता उतार. हा आकडा शेतकऱ्याने स्वतः मोजावयाचा आहे. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी व दोन काठ्या घ्या. आडव्या १० मीटरमध्ये जमीन १ मीटर खाली गेली, तर उतार १० टक्के. मूळ प्रयोगांत तुकड्याची लांबी २२.१३ मीटर धरली होती. त्या लांबीवर ५ टक्के उताराचा आकडा ०.४६, १० टक्क्यांचा १.१७ आणि १५ टक्क्यांचा २.१८ येतो. पाहा, उतार दुप्पट झाला की धूप दुपटीहून जास्त वाढते. लांबीचे मात्र तसे नाही. ५ टक्क्यांच्या वरच्या उतारावर लांबी चौपट झाली तर धूप दुप्पट होते. आपले शेत ८८ मीटर, म्हणजे मूळ लांबीच्या चौपट, म्हणून १.१७ ची दुप्पट, २.३४.

पुष्कळ जण लांबी आपल्या हद्दीच्या दगडापासून मोजतात. पाण्याला हद्द ठाऊक नसते. वर उघडा खडक किंवा दुसऱ्याचे शेत असेल व तेथील पाणी आपल्या शेतात उतरत असेल, तर लांबी ते पाणी जेथून वाहू लागते तेथून मोजावी. खाली ती जेथे पाणी चरात शिरते किंवा जमीन सपाट होऊन गाळ बसू लागतो, तेथे संपते.

पिकाचा आकडा उघड्या नांगरलेल्या जमिनीस १ असतो. आग्र्याच्या नोंदींत बाजरीचा सुमारे ०.६ आहे, आणि मारवेलसारख्या गवताचा ०.१३. बाजरीच्या ओळींमध्ये माती उघडी राहते व जुलैचा पाऊस थेट तीवर पडतो, म्हणून हा फरक. उभ्या पेरणीला उपायाचा आकडा १.

आता गुणाकार. ४०६ गुणिले ०.०७ म्हणजे सुमारे २८.४. त्याला २.३४ ने गुणले की ६६.५, आणि ०.६ ने गुणले की ४०. हेक्टरी ४० टन, म्हणजे एकरी १६ टन. तीन टनांच्या ट्रॉलीने पाच फेऱ्यांहून अधिक. एकरी दहा क्विंटल बाजरी बाजारात नेली, तर प्रत्येक क्विंटलमागे सोळा क्विंटल माती ओढ्यात गेली. डोळ्यांना मात्र हे दिसत नाही, कारण ४० टन म्हणजे शेतभर जेमतेम ३ मिलिमीटरचा थर. पंधरा सेंटिमीटरचा नांगराचा थर या गतीने पन्नास वर्षांत संपतो. टेकडीवर पुष्कळदा तेवढीच माती असते.

यावर प्रथम सुचणारा उपाय म्हणजे उताराला आडवी पेरणी. १० टक्के उतारावर तिचा आकडा ०.६ आहे, म्हणजे ४० चे २४ व्हावेत. पण हा आकडा कोठवर लागू होतो हे त्याच पुस्तकात दिले आहे: अशा उतारावर सुमारे ३६ मीटर लांबीपर्यंतच. त्यापुढे जोराच्या सरीत वरचे पाणी साचून सऱ्या फोडते, आणि एक फुटली की तिच्याखालच्या साऱ्या फुटतात. ८८ मीटरच्या शेतात नुसती आडवी पेरणी केली तर हेच होईल, व मग आडव्या पेरणीने काही होत नाही असे लोक म्हणतील.

म्हणून आधी लांबी तोडावी. दर २२ मीटरवर समपातळीत एक, असे तीन बांध घातले व जादा पाण्याला दगडी सांडवा ठेवला, तर उताराचा आकडा १.१७ वर येतो व धूप ४० वरून २० टनांवर. आता आडवी पेरणी टिकते. २० चे १२ होतात. बांधाचा लाभ लांबीत धरलेला आहे, तो उपायाच्या आकड्यात पुन्हा धरू नये. खोल जमिनीस हेक्टरी सुमारे ११ टनांची मर्यादा सांगतात, पातळ जमिनीस ४.५ ची. म्हणजे पातळ माथ्यावर १२ टनही जास्तच. तेथे बाजरीत मूग घेऊन ओळी झाकाव्यात. सर्वांत वरची पट्टी गवतालाच दिली तर तेवढ्या पट्टीत, वरून दुसरे पाणी येत नसल्यास, गवताच्या ०.१३ ने हिशेब सुमारे ४ टनांवर येतो; उपायाचा आकडा १ धरूनसुद्धा.

या समीकरणाची मर्यादाही ओळखावी. ते अनेक वर्षांची सरासरी सांगते, एका रात्रीच्या ढगफुटीचे काही सांगत नाही. ते पातळ थराने व बोटाएवढ्या ओघळींनी जाणारी माती मोजते. नांगराने बुजत नाही अशी घळ पडली की हिशेब तिला लागू नाही. चंबळेकडील बेहडाची माती या सूत्रात बसत नाही. तसेच, शेतातून सुटलेली सारी माती नदीला मिळते असे नाही; काही खालच्या बांधाशी बसते.

उत्तर खरे वाटते का, हे शेतातच पाहावे. लहान दगडांखाली मातीचे खांब उभे राहिले आहेत का? झुडपांची मुळे किती उघडी पडली? वर्षाचा ३ मिलिमीटर फरक मोजपट्टीवर कळत नाही. म्हणून लोखंडी गजाचे दहाबारा तुकडे वर, मध्ये व खाली ठोकून त्यांच्यावर जमिनीच्या पातळीची खूण करावी. चार-पाच पावसाळ्यांनंतर, नांगर लागला नाही अशा जागी, खूण जमिनीपासून बोटभर वर आलेली दिसेल.