रिमोटचे एक बटन, दोन उत्तरे



प्रयोगशाळेत परवा दोघांची चांगलीच जुंपली. रिमोट एकच, बटन एकच. पण एकाच्या वहीत ६९, दुसऱ्याच्या १६२. आर्डुइनोच्या संचाबरोबर एकवीस बटनांचा छोटा रिमोट येतो, त्याचे वरचे डावे बटन ते मोजत होते.

रिमोटचा दिवा अदृश्य अवरक्त प्रकाश सोडतो, तोही सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकत. तीन पायांचा रिसीव्हर ही लुकलुक गाळून टाकतो. प्रकाश येताच त्याच्या तारेवरचा व्होल्टेज खाली पडतो, थांबताच वर जातो. टायमरने मोजायचे ते एवढेच.

या रिमोटची पद्धत एनईसी. आरंभी ९ मिलिसेकंद प्रकाश आणि ४.५ मिलिसेकंद अंधार असतो. नंतर ३२ बिट. प्रत्येक बिटात सुमारे ५६० मायक्रोसेकंदांचा झोत असतो. त्यापुढचा अंधारही ५६० असला तर शून्य, सुमारे १६९० असला तर एक.

पण मुलांना झोत ६४० आणि अंधार ४८० मिळू लागले. टायमर बिघडला नव्हता. रिसीव्हर झोत थोडा लांबवतो आणि तेवढाच अंधार खातो. म्हणून व्होल्टेज एकदा पडल्यापासून पुन्हा पडेपर्यंतचा पूर्ण काळ मोजावा. त्यात ही चूक आपोआप कटते. शून्याला सुमारे ११२५, एकाला २२५० येतात, आणि १७०० ची रेघ ओढली की घोटाळा राहत नाही.

पहिले १६ बिट रिमोटचा पत्ता सांगतात. पुढचे आठ बटनाचे, ते आले १ ० १ ० ० ० १ ०. शेवटचे आठ त्यांचेच उलटे, ० १ ० १ १ १ ० १. ही पडताळणीची सोय आहे, कारण दोन्ही संख्यांची बेरीज २५५ यायला हवी. एकाची ६९ + १८६ = २५५. दुसऱ्याची १६२ + ९३, तीही २५५! म्हणजे पडताळा दोघांनाही पास करतो. बिट चुकीचा वाचला तर तो ओरडतो, क्रम उलटा लावला तर गप्प बसतो.

निकाल शेजारच्या बटनांनी दिला. पहिल्या आलेल्या बिटाची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४ धरली की वरच्या ओळीतील तीन बटने ६९, ७०, ७१ अशी ओळीने येतात. उलट धरली तर १६२, ९८, २२६! एनईसीत लहान किमतीचा बिट आधी येतो. ६९ वालाच बरोबर.

एक सूचना. बटन दाबून धरू नका. धरले तर पुन्हा ३२ बिट येत नाहीत. ९ मिलिसेकंद प्रकाश, २.२५ अंधार आणि एक झोत, एवढेच येत राहते. आमच्या एका गटाने याला रिमोटचा दोष समजून अख्खी तासिका सेल बदलण्यात घालवली. आणि घरच्या टीव्हीच्या रिमोटवर आरंभीचे ९ मिलिसेकंद दिसलेच नाहीत, तर त्याची पद्धत निराळी आहे. तिथे हा हिशेब लावू नका.