हातचा, नाणी आणि खेळ

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. मोबाइलवरच्या गणिताच्या खेळात ती भरपूर नाणी जमवते, पण वहीत हातच्याची वजाबाकी चुकते. खेळ तिच्या कुवतीनुसार प्रश्न बदलतो म्हणे. मग असं का?

उत्तर : बरेचसे खेळ उत्तर चुकलं की फक्त सोपी संख्या देतात. चूक कशी झाली, हे ते पाहत नाहीत. ५२ − २७ चं उत्तर मुलीने ३५ लिहिलं, असं समजा. तिने एककात उलटं, म्हणजे ७ मधून २ वजा केले असतील. किंवा हातचा घेतला, पण दशकातून एक कमी करायला ती विसरली असेल. दोन्हीकडे उत्तर ३५च! चांगला खेळ पुढे ६१ − ३८ विचारेल. इथे उलट्या वजाबाकीने ३७ येतात, विसरलेल्या हातच्याने ३३. मग पहिल्या चुकीला दशकाचा गठ्ठा सोडून दाखवायचा, दुसरीला उरलेले दशक मोजायला लावायचे. तुम्हीही हीच दोन गणितं घालून पाहा.

बक्षिसाचंही तपासा. प्रत्येक बरोबर उत्तराला नाणं मिळत असेल, तर मुलं सोप्या पातळीवरच रेंगाळतात. चार पर्याय आणि पळतं घड्याळ असेल, तर अंदाजाने बोट दाबतात. त्यापेक्षा दुकानदार होऊन ५२ रुपयांतून २७ चा माल देणं, दहाची नोट मोडून सुटे परत करणं, असा खेळ निवडा. तिथे वजाबाकी केल्याशिवाय गिऱ्हाईक पुढे सरकत नाही. वेगळं आमिष लागत नाही आणि गृहपाठासारखंही वाटत नाही.