‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’वर टिक करायची का?

प्रश्न : वडील 74 वर्षांचे, मराठी चौथी शिकलेले. ऊसबिल जमा व्हायला नवं बचत खातं काढायचंय. माझं नाव जोडीला घालणार आहोत आणि बहिणीला वारस लावणार आहोत. अर्ज सगळा इंग्रजीत. बँकेतला मुलगा म्हणतो, “खुणा केल्यात तिथं सह्या करा.” वडील म्हणतात, “काय लिहिलंय ते कळल्याबिगर सही नाही.” त्यांना कसं समजावू?
– एक वाचक, अकलूज

उत्तर : वडिलांचं बरोबर आहे, त्यांना समजवायला नको. आधी काउंटरवर मराठी अर्ज मागा. खातं उघडायचा अर्ज, पैसे भरायची स्लिप, पासबुक हे सगळं इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत ठेवावं, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. अर्ज संपलेत असं उत्तर आलं, तर इंग्रजी अर्ज घरी आणा आणि सावकाश भरा.

नाव, पत्ता, केवायसी हा भाग आधारकार्ड बघून भरता येतो. ‘पोलिटिकली एक्स्पोज्ड पर्सन’ म्हणजे परदेशात मोठ्या सरकारी किंवा राजकीय पदावर असलेली व्यक्ती. तिथे निवांत ‘नो’. डोकं लावायचं ते ‘मोड ऑफ ऑपरेशन’ या चौकटीत, म्हणजे खात्यातून पैसे कोणाच्या सहीने निघणार तिथे.

‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’वर टिक केली, तर तुमच्या दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने पैसे काढू शकतो. एक गेला तर मागे राहिलेल्याला बँक पैसे देते. सोयीचं आहे, पण सगळं ऊसबिल तुम्ही वडिलांना न विचारता काढलंत तरी बँक अडवणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’मध्ये ज्याचं नाव पहिलं, तो हयात असेपर्यंत व्यवहार फक्त त्याच्याच सहीने होतात. म्हणून इथे वडिलांचं नाव वर आणि तुमचं खाली हवं. क्रम उलटा झाला, तर स्वतःच्याच पैशाला त्यांचा हात लागणार नाही. ‘जॉइंटली’ला दर वेळी दोघांच्या सह्या लागतात. एक जण पुण्याला नोकरीला असेल तर खातं असून नसल्यासारखं.

माझं मत ‘फॉर्मर’च्या बाजूने. पैसा त्यांच्या घामाचा आहे, सहीही त्यांचीच राहू दे. उद्या ते अंथरुणाला खिळले तर काय, असं तुम्ही विचाराल. सही करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर घेतलेला अंगठा चालतो. त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. अधिकाऱ्याला घरी आणायला खटपट पडेल, पण वाट बंद होत नाही.

आता ‘नॉमिनेशन’. आपण सर्रास ‘वारस लावला’ म्हणतो आणि पुढची भांडणं तिथूनच सुरू होतात. नॉमिनी म्हणजे खातेदारामागे बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे, ती व्यक्ती. ती त्या पैशाची मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बँक खात्याबाबत हेच सांगितलं. मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने.

तुमच्या बेतात आणखी एक मेख आहे. संयुक्त खात्यात नॉमिनीचा नंबर सगळे खातेदार गेल्यावरच लागतो. म्हणजे वडिलांच्या माघारी पैसे तुमच्या हाती येतील आणि नॉमिनी असलेल्या ताईंना बँक काही देणार नाही. मुलीला हाती काही मिळावं असं वडिलांच्या मनात असेल, तर खातं एकट्या त्यांच्या नावावर ठेवा आणि तुम्हा दोघांना नॉमिनी करा. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा टक्काही लिहिता येतो. तुम्हा भावंडांचे 50-50 लिहिले की झालं. एवढ्यावरही आई किंवा दुसरा कोणी वारस आपला हक्क सांगू शकतो, तेव्हा मृत्युपत्र वेगळं करावंच.

शेवटच्या पानावर ‘डीबीटी’ची बारीक चौकट असते, ती बहुतेक जण न वाचताच टिक करतात. तिथे संमती दिली की आधारला जोडलेलं सरकारी अनुदान जुन्या खात्याऐवजी नव्या खात्यात यायला लागतं. पीएम किसानचा हप्ता जुन्याच खात्यात हवा असेल, तर ती चौकट कोरी ठेवा. ‘हप्ता आलाच नाही’ म्हणून तहसीलला चकरा मारणाऱ्यांनी आधी दुसऱ्या खात्याचं पासबुक भरून बघावं.

खातं निघालं की नॉमिनेशन नोंदवल्याची पोच मागा आणि पासबुकावर तसा शेरा छापलाय का, ते काउंटर सोडण्याआधी वडिलांना दाखवा.