वारसाहक्काने आलेले समभाग : किंमत कोणाची, मुदत कोणाची?

इस्टेट ड्यूटी 1985 मध्ये रद्द झाल्यापासून वारसाकडे समभाग येताना कर लागत नाही. तो लागतो विक्रीच्या वेळी. कायदा त्यासाठी मृत धारकाचीच खरेदी किंमत ग्राह्य धरतो आणि धारणाकाळही त्याच्या खरेदीपासून मोजतो.

समजा, चंदीगडमधील एका निवृत्त अधिकाऱ्याने जून 2019 मध्ये सूचिबद्ध कंपनीचे 500 समभाग 200 रुपयांना घेतले. मार्च 2025 मध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा भाव 700 रुपये होता. मुलीने ते जून 2025 मध्ये 900 रुपयांना विकले. मृत्युदिनाचा भाव धरल्यास नफा एक लाख आणि तोही अल्पकालीन दिसतो. ही गणना चुकीची आहे. खरा नफा साडेतीन लाख व दीर्घकालीन आहे. अन्य भांडवली नफा नसल्यास सव्वा लाख वगळून उरलेल्या 2,25,000 रुपयांवर साडेबारा टक्क्यांनी 28,125 रुपये कर, शिवाय उपकर.

अडचण पुराव्याची असते. मुलीच्या डीमॅट खात्यात केवळ हस्तांतरणाची तारीख उमटते. खरेदी किंमत कोरी किंवा शून्य राहू शकते. शून्य धरल्यास कर 40,625 रुपयांवर जातो. म्हणून वडिलांची दलालाची काँट्रॅक्ट नोट, ती नसल्यास डीमॅट विवरण व बँकेतील नोंद शोधावी. म्युच्युअल फंडात ‘सिप’चा प्रत्येक हप्ता ही स्वतंत्र खरेदी असते, आणि आधी घेतलेली युनिटे आधी विकली असे मानले जाते; त्यामुळे वडिलांच्या जुन्या फोलिओचे पहिल्या हप्त्यापासूनचे विवरण निबंधकाकडून मागवावे लागते.