विज्ञान दिनाच्या भाषणाबद्दल

चि. सईस,


तुझ्या भाषणाचा मसुदा वाचला. डिफरन्शियल इक्वेशन रोजच्या आयुष्यात कुठे कुठे असतं हे सांगताना पाच मिनिटांत तू लोकसंख्या, साथीचे रोग, रॉकेट आणि झोका एवढं सगळं गाठलं आहेस. चुकीचं त्यात काही नाही, पण ऐकणाऱ्यांच्या हाती नुसती यादी लागेल. माझं ऐकशील तर सगळं काढून टाक आणि एक कप चहा ठेव.

सभागृहाला आधी प्रश्न विचार. खोलीत 30 अंश तापमान आहे आणि कपातला चहा 90 अंशांवर. पहिल्या मिनिटाच्या वेगाने पाहिलं तर तो मिनिटाला 3.6 अंशांनी निवतोय. हाच वेग टिकला तर 25 मिनिटांनी काय होईल? कोणीतरी हिशेब करेलच: शून्य अंश, म्हणजे बर्फ! लोक हसतील. तेवढ्यात सांगून टाक की चूक वेग कायम धरण्यात आहे. चहा निवत जातो तसा त्याचा निवण्याचा वेगही मंदावतो.

न्यूटनने 1701 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात, स्वतःचं नाव न घालता, लॅटिनमध्ये जो लेख छापला त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. गरम वस्तू भोवतालापेक्षा जितकी जास्त गरम, तितक्या वेगाने ती निवते. आपल्या चहासाठी फळ्यावर एवढंच लिही:

dT/dt = −0.06 (T − 30)

आता थांब. मसुद्यात तू इथे लगेच घातांकी सूत्रावर उडी मारली आहेस. त्याआधी लोकांना हे कळू दे की या ओळीत चहाचं तापमान कुठेच दिलेलं नाही. या क्षणी ते किती वेगाने बदलतंय, तेवढंच दिलं आहे. तापमान आपल्याला त्यातून काढायचं आहे, आणि ते मिनिटामिनिटाने काढता येतं. सुरुवातीचा फरक 60, त्याचे 6 टक्के 3.6, म्हणून मिनिटाने फरक उरला 56.4. आता 6 टक्के याचे काढायचे, म्हणजे 3.4, आणि फरक उरला 53. असं करत गेलीस तर पाच मिनिटांनी फरक 44 होतो, म्हणजे चहा 74 अंशांवर.

पण मिनिटभर वेग तोच राहिला असं आपण इथेही गृहीत धरलंच की! अर्ध्या मिनिटाची पावलं घेतलीस तर उत्तर 74.2 येतं. पावलं लहान करत गेलीस तर ते 74.4 पाशी स्थिरावतं, आणि तुझ्या घातांकी सूत्राचं उत्तरही तेच आहे. भाषणाचा सगळा जीव या तीन आकड्यांत आहे, तेव्हा ते सावकाश बोल.

आता खरा चहा या समीकरणाप्रमाणे वागतो का, हे घरी तपासून पाहा. चहावर साय धरते आणि मोजमाप बिघडतं, म्हणून साधं गरम पाणी घे. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, त्याची पट्टी 42 अंशांपाशीच संपते. प्रयोगशाळेतला माग. दर पाच मिनिटांनी खोलीच्या तापमानाशी असलेला फरक लिही आणि प्रत्येक फरकाला आधीच्या फरकाने भाग. समीकरण बरोबर असेल तर भागाकार प्रत्येक वेळी जवळजवळ सारखाच यायला हवा. आपल्या उदाहरणात फरक 60, 44.4, 32.9, 24.4 असे येतात आणि भागाकार 0.74 च राहतो.

तुझा पहिला भागाकार मात्र बहुधा पुढच्यांपेक्षा लहान येईल. घाबरू नकोस आणि आकडे ‘दुरुस्त’ तर मुळीच करू नकोस. पाणी खूप गरम असतं तेव्हा वाफ होऊन बरीच उष्णता निघून जाते, आणि ती या साध्या समीकरणात धरलेली नाही. कपावर बशी झाकून तोच प्रयोग पुन्हा कर, भागाकार बराच सारखा होईल. हा दोष भाषणात उघड सांग. विज्ञानाच्या शिक्षकांना तोच भाग सर्वांत आवडेल.

कोणी बशीत ओतून पिण्याबद्दल विचारलं, आणि आपल्याकडे विचारतीलच, तर उत्तर तयार ठेव: समीकरण तेच, फक्त 0.06 च्या जागी मोठा आकडा, कारण थोड्या चहाला हवेशी भिडायला जास्त पृष्ठभाग मिळाला. पंखा लावल्यानेही हाच आकडा वाढतो. 30 मात्र 30 च राहतो, कारण पंखा खोलीतली हवा थंड करत नाही, नुसती हलवतो. इथे पुष्कळ जण गोंधळतात.

28 फेब्रुवारीला अजून वेळ आहे, पण प्रयोग आदल्या रात्रीवर ढकलू नकोस. या रविवारी करून आकडे जसे येतील तसे मला कळव.

तुझा,
मामा