४.३ तांत्रिक माहितीपत्रकाचे लेखन : केबलचा तक्ता

किनवट परिसरातील विहिरीवरील पाणबुडी पंपासाठी केबल निवडणारा अभियंता माहितीपत्रक सलग वाचत नाही. दोन पत्रके शेजारी ठेवून तो एकाच ओळीतील आकडे ताडून पाहतो. म्हणून 'आमच्या केबलचा रोध अत्यंत कमी आहे' हे वाक्य येथे निरुपयोगी ठरते.

तक्त्यात प्रत्येक गुणधर्माला स्वतंत्र ओळ द्यावी. एकक व मापनाची अट गुणधर्माच्या नावासोबतच लिहावी; आकड्यांच्या रकान्यात केवळ आकडे राहावेत.

| गुणधर्म | मूल्य |
|---|---|
| वाहकाचा छेद (चौ. मिमी) | ४ |
| वाहकाचा कमाल रोध, २०° से. ला (ओहम/किमी) | ४.९५ |

अट गाळल्यास काय होते ते पाहू. लवचीक तांब्याच्या याच तारेचा रोध ७०° सेल्सिअसला सुमारे ५.९२ होतो, कारण तापल्यावर तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. एका पत्रकात ४.९५ व दुसऱ्यात ५.९२ असे छापले आणि तापमान दिले नाही, तर वाचक दुसरी केबल निकृष्ट समजेल. वास्तविक तार एकच आहे. विद्युतप्रवाह वाहून नेण्याच्या क्षमतेचेही असेच आहे: केबल हवेत की जमिनीत, आणि सभोवतालचे तापमान किती, हे सांगितल्याशिवाय तो आकडा अपुरा राहतो.

स्वयंअध्ययन प्रश्न : 'ही केबल २५ अँपिअर प्रवाह वाहून नेते' हे विधान तक्त्याच्या ओळीत रूपांतरित करा. त्यासाठी आणखी कोणती माहिती मागवाल?