रंग उतरत गेला पाहिजे

मी आशा म्हणून काम करते. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जाते. बाळाचं वजन, ताप, दूध यांवर सगळ्या घरादेखत बोलणं होतं. अंगावरून किती जातंय, हे मात्र तिला बाजूला घेऊनच विचारावं लागतं. त्या विचारपुशीतून उमगलेलं हे.

१. दिवस मोजण्यापेक्षा उतार पाहा.
वार सुटल्यावर गर्भपिशवीच्या आत जखम राहते आणि रक्त तिथून येतं. म्हणून सिझर झालेलीच्याही अंगावरून जातंच. पहिले तीन-चार दिवस लाल, मग साधारण दोन आठवड्यांपर्यंत गुलाबी-तपकिरी आणि पुढे पिवळट-पांढरं. बहुतेकींचं चार ते सहा आठवड्यांत थांबतं. एखाद्या दिवशी थोडं जास्त गेलं तर चालतं, पण दर भेटीला ते मागच्यापेक्षा कमी आणि फिकट झालेलं असावं.

२. पाजताना जास्त गेलं म्हणून पाजणं थांबवू नका.
बाळ ओढायला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं. त्याने पिशवी आकसते, ओटीपोटात कळ येते आणि आत साठलेलं बाहेर पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला या कळा जास्त जाणवतात. पिशवी अशी आकसते म्हणूनच रक्त आटोक्यात राहतं. रात्रभर झोपून उठल्यावर एकदम जातं, तेही साठलेलंच असतं. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास वारेच्या जागेवरची खपली सुटते. तेव्हा तास-दोन तास पुन्हा लाल दिसतं आणि आपोआप ओसरतं.

३. ओसरलेलं पुन्हा वाढत राहिलं, तर ती पाळी समजू नका.
एका बाळंतिणीचं १४ व्या दिवशी तपकिरी झालं होतं. २१ व्या दिवशी गेले, तर दोन दिवसांपासून लाल जात होतं, गाठी पडत होत्या, वास येत होता. ताप मोजला, १०१. सासूबाई म्हणाल्या, “पाळीच आली असेल, आशाताई.” मी म्हटलं, “काकू, बाळ फक्त अंगावर पितंय. अशा बाईचं पहिल्या आठ आठवड्यांतलं रक्त आम्ही पाळीत धरत नाही. आणि पाळीला ताप कशाला येईल?” त्याच दुपारी तिला दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत वारेचा तुकडा आत राहिलेला दिसला. अँटिबायोटिक देऊन पिशवी साफ केली आणि ती सावरली.

तेव्हापासून मी प्रत्येक घरात सांगते: तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय आणि पुढच्या तासालाही तेच होतंय, लिंबापेक्षा मोठी गाठ पडली, घाण वास येतोय, ताप १००.४ च्या वर गेलाय, चक्कर येतेय किंवा छाती धडधडतेय. यातलं एक जरी असलं तरी सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

४. पाळी कधी परतेल, हे पाजण्यावर ठरतं.
अंगावर न पाजणाऱ्या बाईला ती साधारण सहा ते आठ आठवड्यांत येऊ शकते. पूर्ण पाजणारीला सहा महिने, कधी वर्षभर येत नाही, आणि त्यात बिघाड काही नसतो. रात्रीचं पाजणं कमी झालं, बाळाला वरचं सुरू झालं की ती परतते. सुरुवातीच्या पाळ्या मागेपुढे होतात. पाळीत दूध नासत नाही. एक-दोन दिवस थोडं कमी वाटलं तरी पाजत राहावं.

५. पाळी नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं नाही.
बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर येते. त्यामुळे पहिली पाळी दिसायच्या आधीच दिवस राहू शकतात. पाजण्यावर भरवसा ठेवायचा तर तीन गोष्टी एकत्र हव्यात: पाळी आलेली नाही, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, आणि ते रात्रंदिवस फक्त अंगावर पितंय, म्हणजे दिवसा चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून जास्त खंड नाही. यातली एक सुटली की दुसरा उपाय लागतो. निरोध, तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळी हे पाजणाऱ्या आईला चालतात. अंतरा मात्र सहा आठवड्यांनंतर. माला-एन बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नको. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाची आई “पाळी नाही, पण मळमळतंय” म्हणाली, की मी आधी निश्चय किटने लघवी तपासते. म्हणून ४२ व्या दिवसाच्या भेटीत नवरा-बायको दोघांना बसवून उपाय तेव्हाच ठरवायला सांगते, पाळीची वाट न पाहता.